तिला लिहायच्या चार ओळी

आमच्याकडे नवराबायकोने एकमेकांविषयी चारचौघांत बोलायचे म्हणजे यमक जुळवायचे, अशी फार जुनी रीत आहे. लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीत ‘नाव घे, नाव घे’ म्हणून बायका गराडा घालतात आणि नवी नवरी चांदीच्या ताटापासून किंवा महादेवाच्या पिंडीपासून सुरुवात करून शेवटी नवऱ्याच्या नावाशी येऊन पोहोचते. उखाण्याची गंमत मला कमी वाटत नाही; पण त्याची रचना एकदा नीट पाहा. पहिल्या ओळीचा त्या नवऱ्याशी काडीचाही संबंध नसतो. ती तयारच असते. नाव तेवढे बदलायचे.

मंगलाष्टकांचेही तेच. मी शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवले, आणि मराठीच्या बाईंना नातेवाइकांत एक जोडधंदा आपोआप लागतो. ‘जरा चार ओळी लिहून द्या ना.’ मी मंगलाष्टका लिहिल्या, बारशाची गाणी लिहिली, सेवानिवृत्तीची मानपत्रे लिहिली. शार्दूलविक्रीडित वृत्ताची ओळ एकोणीस अक्षरांची; बारा अक्षरांनंतर थोडे थांबायचे. त्यात वधूवरांची, आजीआजोबांची, गावांची नावे बसवणे हा निव्वळ सुतारकामासारखा प्रकार आहे. एकदा हात बसला की अर्ध्या तासात अष्टक तयार. लग्नात ते शोभतेही, कारण तिथे दोघांची ओळख नवी असते आणि सांगण्यासारखे अजून काही घडलेलेच नसते.

अडचण येते ती पुढे, वीस-पंचवीस-तीस वर्षांनी. अलीकडे नवराबायकोने एकमेकांच्या वाढदिवशी काही लिहावे अशी पद्धत पडली आहे. पद्धत चांगली आहे. पण लिहायला बसले की माणसाला उखाण्याचीच वळणे आठवतात. ‘संसाररथाची दोन चाके’ येतात, ‘जीवनाची बाग’ येते, ‘सुखदुःखातली सावली’ येते. आणि काही उत्साही मंडळी तर एकदम सिनेमातल्या नायकाच्या थाटात लाडीगोडी सुरू करतात. तीस वर्षे ज्याने ‘अगं, टॉवेल कुठाय?’ एवढेच म्हटले, त्याने अचानक डोळ्यांवर नि केसांवर लिहिले तर बायको लाजत नाही. ‘डॉक्टरांनी काही सांगितलंय का?’ म्हणून घाबरते.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भावजींनी असाच एक कागद माझ्यापुढे आणून ठेवला. त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या जावेचा, अठ्ठावन्नावा वाढदिवस होता. काही गोल आकडा नव्हे. एकसष्टीला अजून अवकाश होता. पण भावजी नुकतेच निवृत्त झालेले, हाताशी वेळ होता आणि मुलीने पुण्याहून फोनवर बजावले होते, ‘बाबा, या वेळी आईला नुसती साडी नको, काहीतरी लिहा.’

“वहिनी, तुम्हीच लिहून द्या,” ते म्हणाले. “मला हे जमत नाही. मी सुरुवात केलीय, पण ती कुणीतरी दुसऱ्याने लिहिल्यासारखी वाटते.”

माणसाचे कान तयार होते म्हणायचे! कागदावर लिहिले होते : ‘माझ्या जीवनाच्या वाटेवर तू सावलीसारखी उभी राहिलीस. तुझ्यामुळे आपले घर हे मंदिर झाले. तू नेहमीच सगळ्यांची खूप काळजी घेतलीस.’

मी त्यांना म्हटले, “भावजी, वर शेजारच्या काकूंचं नाव घाला आणि पुन्हा वाचा.”

त्यांनी वाचले. मजकूर जिथल्या तिथे बसला. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंचे नाव घालून पाहिले, तिथेही बसला. ही अगदी साधी परीक्षा आहे आणि ती मी शाळेत निबंध तपासताना वापरीत असे. ‘माझी आई’ या निबंधातली आई जर वर्गातल्या साठही मुलांना चालत असेल तर ती कुणाचीच आई नाही. वाक्य खोटे असते असे नव्हे. भावजींची बायको खरोखरच सगळ्यांची काळजी घेते. पण त्या वाक्यात ती दिसत नाही, आणि जिला ते वाचायचे आहे तिला हे पहिल्याच ओळीत कळते.

मी लिहून द्यायला नकार दिला. फक्त खोडण्याचे काम पत्करले.

पहिल्यांदा मी त्यांच्या कागदावरचे ‘नेहमी’, ‘सदैव’ आणि ‘खूप’ खोडले. हे तीन शब्द फार लबाड आहेत. ते आठवणीचे काम चुकवतात. ‘तू नेहमी मदत करतेस’ असे लिहिले की एकही प्रसंग आठवावा लागत नाही. ते शब्द काढले की वाक्य उघडे पडते आणि आपोआप प्रश्न येतो : कधी? कुठे? काय केले?

भावजी आठवू लागले. “स्वयंपाक उत्तम करते. माझ्या आईचं सगळं केलं. मुलीचं शिक्षण केलं. पैपाहुणा केला.” ही झाली यादी. हिच्यात एक वेगळाच धोका असतो. निवृत्तीच्या समारंभात साहेब कर्मचाऱ्याच्या सेवेचा आढावा घेतात, तसा तिचा सूर लागतो. बायकोला आपण नोकरीवर होतो आणि आता आपल्याला नारळ मिळतो आहे, असे वाटले तर नवल नाही. शिवाय अशी यादी नेहमी कामांचीच होते. माणूस त्यातून निसटून जातो.

म्हणून मी त्यांना मोठे प्रसंग सोडून द्यायला सांगितले. लग्न, बाळंतपण, आजारपण, घर घेणे या गोष्टी सगळ्यांच्याच घरी होतात आणि त्यांच्याविषयी बोलण्याची भाषाही ठरून गेलेली असते. त्याऐवजी एखादा साधा दिवस घ्या, म्हटले, आणि तो तासातासाने सांगा. कुठलाही काळ घ्या, पण एकच.

भावजींनी रात्रपाळीचा काळ घेतला. ते एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात होते. १९९६ ते २००४ अशी आठ वर्षे त्यांनी रात्रपाळी केली. मुंबईहून पहाटेच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडून साडेपाचच्या सुमारास ते डोंबिवलीला घरी येत. दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत पलंग, आत स्वयंपाकघर, मध्ये दार नाही, नुसता पडदा. ते सहाला झोपत आणि दुपारी एकला उठत.

“मुलगी शाळेत किती वाजता जायची?” मी विचारले.

“सात वाजता. डबा घेऊन जायची.”

“म्हणजे तुम्ही झोपल्यावर तासाभरात पलीकडे अख्खा स्वयंपाक होत असणार. कुकरच्या शिट्ट्यांनी जाग येत नसे?”

भावजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “वहिनी, शिट्टी व्हायचीच नाही.”

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. त्या दिवसांत डाळीला निराळी चव असे, घट्टसर. भात मोकळा असे. त्यांनी एकदा विचारलेही होते, तर ती म्हणाली होती, ‘कुकरची रिंग गेलीय.’ पुढे केव्हातरी पुन्हा विचारले, तेव्हाही रिंगच गेलेली होती. ओट्यावर रात्री एक पातेली झाकून ठेवलेली असे. ती डाळ भिजत घातलेली, हे त्यांना माझ्यापुढे बसल्यावर उमगले. तुरीची डाळ पातेल्यात शिजायला किती वेळ लागतो आणि गॅस किती जातो, हे घरोघरच्या बायकांना सांगायला नको. रात्री भिजवली, हळद-हिंग आणि तेलाचा थेंब घालून उकळत्या पाण्यात टाकली, तरी पाऊण तास तिच्याजवळ उभे राहावे लागते, उतू जाते. भात वेळायचा म्हणजे पेज काढायला पुन्हा निराळे भांडे. त्यात पोळ्या आणि भाजी आहेच. सातच्या आत डबा हवा तर ती बाई किती वाजता उठत असेल, याचा हिशेब भावजींनी पहिल्यांदाच केला. नवरा घरी येण्याआधी तिची डाळ चुलीवर असे.

त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला. हे मी मुद्दाम करायला सांगितले, कारण आठवणीचा मजकूर दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घेतलेला बरा. एखादे वर्ष चुकले, भलत्याच माणसाच्या नावावर गोष्ट घातली, तर वाचणारी मनात म्हणते, ‘ते मी नाही, तुमच्या आईनं केलं होतं’, आणि सगळेच फसते. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? आम्ही सकाळी कुजबुजत बोलायचो. मी बूट हातात घेऊन जिन्यात जाऊन घालायची. आईनं तसं शिकवलं होतं.”

इतके सापडल्यावर लिहिणे सोपे होईल असे वाटेल. पण खरी कसरत इथून पुढे असते. भावजींचा दुसरा कागद आला तो असा : ‘मी किती स्वार्थी होतो. मला कधी कळलेच नाही. मला क्षमा कर.’ मी तो सबंध परत केला. वाढदिवसाच्या दिवशी बायकोकडे क्षमा मागितली की पहिले काम तिलाच लागते. ‘अहो, असं काय म्हणता’ म्हणून तिला आपली समजूत काढत बसावे लागते. चिठ्ठी तिच्याविषयी न राहता आपल्याविषयी होते. कबुलीजबाब द्यायचाच असेल तर वर्षात आणखी तीनशे चौसष्ट दिवस आहेत. तिने काय केले आणि ते मला दिसले, एवढेच लिहायचे.

दुसरे संकट ‘पण’ या शब्दाचे. ते भावजींच्या कागदात नव्हते; आमच्या वाड्यातल्या एका मैत्रिणीच्या कागदात होते. तिने नवऱ्याच्या साठीला लिहिले होते, आणि ती मोठी मजेची गोष्ट आहे. पावसाळ्यात ती ऑफिसातून भिजलेली छत्री घेऊन यायची. तिचे यजमान रात्री ती छत्री उघडून पंख्याखाली ठेवीत, मध्ये एकदा उठून फिरवीत आणि सकाळी आठ दहाच्या गाडीआधी मिटून, बटण लावून, दाराशी अडकवीत. ही एकच गोष्ट म्हणजे अख्खा माणूस आहे! पण तिने पुढे लिहिले, ‘पण स्वतःचे ओले बूट मात्र तसेच टाकता.’ झाले. वाचणाऱ्याच्या लक्षात बूट राहिले, छत्री गेली. मराठीत ‘पण’ आणि ‘मात्र’ यांच्या मागचे वाक्य पुसले जाते. चिठ्ठी पुरी झाली की हे दोन शब्द शोधावेत; ज्या वाक्यात सापडतील ते तिथेच थांबवावे.

तरीही सगळेच गोड हवे असे मी म्हणत नाही. थोडी कुरबूर प्रेमाची असते आणि ती काढून टाकली तर माणसे ओळखू येत नाहीत. तिची जागा फक्त कौतुकाच्या शेपटीत नसावी.

संबोधनाचा प्रश्नही बारीक वाटतो, पण चिठ्ठीचा सूर तिथेच ठरतो. आमच्या आजोबांच्या काळी पत्राचे मायने ठरलेले असत. नवरा बायकोला ‘सौभाग्यवती अमुक हिस अनेक आशीर्वाद’ लिही, आणि बायको ‘कृ. सा. न. वि. वि.’ म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आज ते कुणी लिहीत नाही आणि लिहू नये. त्याच्या जागी ‘प्रिये’, ‘माझ्या राणी’ असले काही आणले की मात्र कानाला खटकते. नियम एकच : घरात जे म्हणता तेच लिहा. ‘अगं’ म्हणत असाल तर ‘अगं’. ‘अहो’ म्हणत असाल तर ‘अहो’. अहो-जाहो करणाऱ्या बाईने कागदावर नवऱ्याला एकदम ‘तू’ म्हटले तर दोघेही गोंधळतात.

लाडाचा एकही शब्द न वापरता किती जवळीक सांगता येते, याचा दाखला आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या. पुस्तक १९१० साली निघाले. त्यांत न्यायमूर्तींचा उल्लेख त्या नावाने करीत नाहीत, ‘स्वतः’ असा करतात. १९३८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा पुस्तकाला नावच ‘हिमसेल्फ’ असे दिले गेले. नाव घेत नाहीत, प्रेमाची भाषा नाही. नवऱ्याने कसे शिकवले, घरातल्या बायका काय बोलल्या, कोणत्या दिवशी कोण रागावले, इतकेच सांगत जातात. आणि वाचणाऱ्याला त्या संसाराविषयी काही विचारायचे उरत नाही. त्या काळच्या मर्यादा आपल्याला नकोत, पण सांगण्याची ती तऱ्हा घेण्यासारखी आहे.

असो. भावजींकडे वळू. तिसऱ्या कागदात त्यांनी रात्रपाळीची हकिगत सरळ लिहून आणली होती. मी एक गोष्ट सुचवली. नुसते जुने लिहिले की ते श्रद्धांजलीसारखे होऊ लागते. म्हणून जुन्या गोष्टीला आजची एक गोष्ट जोडावी, आणि शेवटी त्याच दिवशी करायचे असे एखादे छोटे, शक्य काम सांगावे. ‘जन्मोजन्मी साथ देईन’ हे वचन तपासता येत नाही. संध्याकाळचा चहा तपासता येतो.

ही त्यांची शेवटची चिठ्ठी. वर तिचे घरातले नाव होते, ते इथे देत नाही.

‘आज तुला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली.

मी १९९६ ते २००४ रात्रपाळी केली. त्या आठ वर्षांत आपल्या घरात सकाळी कुकरची शिट्टी झाली नाही. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, रिंग गेलीय. रिंग आठ वर्षं गेलेली नसते. तू रात्री डाळ भिजत घालायचीस, मी यायच्या आधी उठून ती पातेल्यात शिजवायचीस, भात वेळायचीस आणि सातच्या आत डबा भरायचीस. मुलीला जिन्यात बूट घालायला तूच शिकवलंस. छापखान्यात माझ्याबरोबरच्या बहुतेकांना झोपेचा त्रास झाला. मला झाला नाही. माझी प्रकृतीच तशी दणकट, असं मी सगळ्यांना सांगत आलो. कारण निराळं होतं, ते पलीकडे पडद्याआड उभं होतं.

आता कुकर लागतो आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. तू गॅलरीतून “झाल्या का तीन?” म्हणून विचारतेस. ते ऐकलं की मला घरी असल्यासारखं वाटतं.

आज संध्याकाळचा चहा मी करतो. आलं किसून घालीन, ठेचून नाही.’

हा मजकूर कागदावर, त्यांच्याच अक्षरात लिहायचा असे ठरले. मोबाइलवर पाठवायला हरकत नव्हती; आमच्या घराण्याचा व्हॉट्सअॅपचा गट आहे, त्यावर मात्र टाकू नका म्हणून मी बजावले. तिथे चिठ्ठी पडताच चाळीस जण टाळ्यांची चित्रे पाठवतात आणि ज्या बाईसाठी ती लिहिली तिला सगळ्यांचे आभार मानत बसावे लागते. पडद्याआडची गोष्ट पडद्याआडच बरी. गटावर ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ पुरेत.

हे सगळीकडे असेच जमेल असे नाही. ज्या घरात त्या वर्षी बोलणे धड नाही, तिथे अशी चिठ्ठी समेटाची मागणी वाटू शकते. तिथे दोन साधी वाक्ये बरी. घरात नुकतेच कुणी गेले असेल तर जुन्या आठवणी जपून काढाव्या लागतात, कारण गेलेले माणूस त्यांत कुठे ना कुठे असतेच. आणि काही माणसांना लिहिलेले आवडतच नाही. माझ्या एका मावसभावाच्या बायकोने अशी चिठ्ठी वाचून, घडी घालून, ‘बरं, आता भाजी आणा’ एवढेच म्हटले. त्याने भाजी आणली. मला त्यात काही वावगे दिसत नाही.

जावेने चिठ्ठी सकाळी वाचली. भावजींनी मला नंतर सांगितले की ती दोनदा वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला, “हे वहिनींनी लिहून दिलं का?”

“वहिनींनी फक्त खोडलं,” ते म्हणाले.

“तरीच. आणि रोज तुरीची डाळ नसायची हं. गुरुवारी मुगाची असायची. ती लवकर शिजते, म्हणून गुरुवारी मी अर्धा तास जास्त झोपायची.”

भावजींनी खिशातून पेन काढून तेवढी दुरुस्ती तिथल्या तिथे समासात केली. तो कागद आता त्यांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, म्हणजे त्यांच्या घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी.

येत्या जानेवारीत भावजींचा वाढदिवस येतो. परवा जाऊबाई फराळाचे साहित्य घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा पर्समधून एक कागद निघाला. त्यांनी आठवणी टिपायला सुरुवात केली आहे. पहिलीच ओळ आहे : ‘तुम्ही शिट्ट्या मोजता, पण दरवेळी दोनच झालेल्या असतात.’

ही ओळ ठेवायची की खोडायची, यावर आमचा अजून निर्णय झालेला नाही. चकल्या तळून होईपर्यंत होईल.